आजी म्हणावं की काकू?

गेल्या वर्षी एकाच दिवशी मला दोन अनोळखी मुलांनी ‘आजी’ म्हटलं. मी ५८ वर्षांची आहे. केस पन्नाशीतच पांढरे झाले आणि मी ते रंगवत नाही. सकाळी स्वारगेटहून कात्रजकडे जाणाऱ्या बसमध्ये कॉलेजला निघालेला एक मुलगा जागेवरून उठला, पाठीवरची सॅक पोटाशी घेतली आणि म्हणाला, “आजी, बसा ना.” दुपारी एका मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड बदलून घ्यायला गेले होते. माझ्या हातातला फोन काढून घेत काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, ते तुम्हाला नाही जमायचं, द्या इकडे.”

शब्द तोच, माझं वय तेच, दोन्ही मुलंही साधारण एकाच वयाची. सकाळच्या हाकेनं क्षणभर चमकले, कारण तोवर मला बाहेर कुणी आजी म्हटलं नव्हतं. पण बसमधून उतरेपर्यंत त्या मुलाबद्दल माया वाटू लागली होती. दुपारची हाक मात्र संध्याकाळपर्यंत टोचत राहिली. तेव्हापासून मी रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात लोक एकमेकांना कशा हाका मारतात ते कान देऊन ऐकते आहे. अनोळखी वडीलधाऱ्यांशी बोलायची वेळ तुमच्यावर रोज येत असेल, तर त्यातून जे हाती लागलं ते तुमच्या उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न वयाच्या पायरीचा. समोरच्या बाईंना ताई म्हणायचं, काकू, मावशी की आजी? माझा सल्ला असा की जी पायरी डोळ्यांना दिसते तिच्या एक पायरी खाली उभं राहावं. आजी वाटल्या तर काकू म्हणा, काकू वाटल्या तर ताई म्हणा. हे वय चोरणं नव्हे. आजी हा शब्द बाईच्या चेहऱ्याविषयी, केसांविषयी, चालण्याविषयी काहीतरी बोलून जातो. ती गोष्ट परक्यानं पहिल्याच वाक्यात बोलावी असं फार थोड्या बायकांना वाटतं. ताई मात्र वयाबद्दल काहीच बोलत नाही. अंगणवाडीतल्या सेविकेला गावातली तिच्या आईच्या वयाची माणसंही ताई म्हणतात. आनंदवनातल्या साधनाताई आमटे उतारवयातही साधनाताईच राहिल्या. ताई म्हातारी होत नाही, म्हणून शंका असेल तिथं तोच शब्द घ्यावा. आजी हा शब्द मी सत्तरी ओलांडलेल्या, काठी किंवा कुणाचा तरी हात धरून चालणाऱ्या, किंवा स्वतःच “अगं बाळा” म्हणून बोलायला सुरुवात करणाऱ्या बाईंसाठी राखून ठेवते.

पुरुषांचं थोडं सोपं आहे. काका हा शब्द चाळिशीपासून पंचाहत्तरीपर्यंत चालतो आणि सहसा कुणाला खटकत नाही. आजोबा म्हणताना मात्र घाई नको. विशेषतः सोबतच्या लहान मुलावरून अंदाज बांधू नका. बागेत पाच वर्षांच्या मुलीला झोपाळ्यावर झोका देणारे, टक्कल पडलेले गृहस्थ तिचे वडील असू शकतात. “आजोबा, तुमच्या नातीची चप्पल राहिली,” असं मी एका बाईंना म्हणताना ऐकलं आणि त्या माणसाचा चेहरा पाहिला. “अहो, चप्पल राहिली मुलीची,” एवढं पुरेसं होतं.

दुसरा प्रश्न नात्याच्या बाजूचा. तो प्रदेशाप्रमाणे बदलतो. पुण्यामुंबईत आपण सहज काका-काकू म्हणतो. ही वडिलांच्या बाजूची नाती. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात किंवा मराठवाड्यातल्या खेड्यांत गेलात की वाट विचारताना आजूबाजूला मामा आणि मावशी जास्त ऐकू येतात. ही आईच्या बाजूची. मला यात अर्थ दिसतो. काका म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदकी हा शब्दच मराठीत भांडणासाठी आहे. बांध, विहीर, वाटणी हे सगळं त्या बाजूला. मामाच्या गावाला माणूस फक्त लाड करून घ्यायला जातो. मावशीबद्दल तर म्हणच आहे, माय मरो पण मावशी जगो. शिवाय काकू हे काकांमुळे मिळालेलं नाव आहे, मावशीला ती मावशी असायला नवऱ्याची गरज नाही. आत्या मात्र आपण परक्या बाईला जवळजवळ कधीच म्हणत नाही. जिथं मामेबहिणीशी लग्न करायची रीत आहे तिथं सुनेची सासू बहुधा तिची आत्याच असते. तिथं सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणायचा प्रघात पडला. रस्त्यावर सासू कोण गोळा करील?

तेव्हा परगावी गेलात तर पहिल्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबा आणि तिथले तरुण तिथल्या म्हाताऱ्यांना काय म्हणतात ते ऐका. कुठं आबा, कुठं अण्णा, कुठं नुसतं बाबा. खेड्यात ‘बाबा’ हाक आदराची असते. शहरात तोच शब्द बहुतेक वेळा फकिराला किंवा लाडानं लहान मुलाला वापरतात, त्यामुळे सोसायटीच्या बाकावर बसलेल्या निवृत्त गृहस्थांना बाबा म्हटलं तर ते मागे वळून कोण आलंय ते पाहतील. आळंदी-देहूहून पंढरपूरला निघालेल्या वारीत हा सगळा पेच सुटतो, कारण तिथं पुरुष, बाई, पोर, म्हातारा, सगळेच माउली. पण तो शब्द त्या वाटेवरच शोभतो. लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानासमोर “माउली, सरकता का?” म्हटलं तर ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

मावशी या शब्दाचं शहरात आणखी एक झालं आहे आणि ते मला मनापासून खुपतं. घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी, दवाखान्यात बेडपॅन उचलणाऱ्या मावशी, शाळेत घंटा देणाऱ्या मावशी. हळूहळू ते नातं न राहता कामाचं नाव झालं. याची खूण सोपी आहे. भाजीच्या गाडीवर उभे राहा. विकणारी आणि घेणारी, दोघीही पासष्टीच्या. मध्ये आलेला तरुण विकणारीला म्हणतो “मावशी, मेथी कशी?” आणि घेणारीला म्हणतो “मॅडम, जरा पिशवी घेता का बाजूला?” वय सारखं असताना एकीला नातं आणि दुसरीला मान मिळाला, म्हणजे तो शब्द वयाकडे पाहून निघाला नाही, लुगड्याकडे पाहून निघाला. म्हणून माझी विनंती आहे की अनोळखी माणसाशी बोलताना पोशाखाप्रमाणे शब्द बदलू नका. दोघींनाही ताई म्हणा, किंवा दोघींनाही मावशी म्हणा. जी हाक गाडीवर बसलेल्या बाईला शोभते, ती चारचाकीतून उतरलेल्या बाईला मारायला जीभ अडखळत असेल, तर पहिलीलाही ती मारू नका.

भाव करताना तर नातं अजिबात मध्ये आणू नका. “मावशी, मला तरी वीसला द्या ना,” यात मावशी हा शब्द पाच रुपये कमी करायला वापरला आहे. ज्या बाईनं पहाटे उठून मार्केट यार्डातून माल आणला तिला त्या शब्दाचा हिशेब चांगला कळतो. भाव करायचा तर जरूर करावा, तो “कितीला द्याल?” एवढ्यात होतो.

आता क्रियापद. सगळ्यात जास्त चूक इथं होते आणि करणाऱ्याला ती कळतही नाही. आपल्या घरात आई तू असते, बहुतेक घरांत आजीही तू असते. त्यामुळे परक्या बाईला आजी म्हटलं की जीभ आपोआप ‘तू’कडे घसरते. “आजी, इकडे ये, इथं बस.” घरातल्या आजीला मारलेली ही हाक लाडाची आहे. रस्त्यावरच्या आजींनी तुम्हाला तो हक्क दिलेला नाही. नात्याचा शब्द जितका जवळचा, तितकं क्रियापद आदराचं ठेवा. “आजी, इकडे या, इथं बसा.” खेड्यात म्हाताऱ्या माणसांना तू म्हणायची रीत आहे हे खरं. पण तिथली पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली असतात. तुम्ही पाहुणे आहात. त्यांनी तुम्हाला तू म्हटलं तरी तुम्ही तुम्हीच म्हणा.

ज्यांना कुठलंच नातं जोडायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी मराठीत एक सोय आहे. “कुठं जायचंय?”, “पाणी हवंय का?”, “रस्ता ओलांडायचाय का?” या वाक्यांत तू-तुम्ही काहीच येत नाही आणि तरी उद्धटपणा वाटत नाही. सुरुवातीला नुसतं ‘अहो’ लावलं की पुरतं. पण ‘अहो’ आणि ‘ओ’ यांत फरक करा. “अहो काका” म्हटलं की माणूस वळून पाहतो. “ओ काका” म्हटलं की तो कपाळावर आठी घालून पाहतो, कारण सिग्नलला मागून हॉर्न वाजवणारे त्याला तसंच ओरडतात. “ओ काका, गाडी घ्या ना बाजूला!” यातल्या काका शब्दाचा अर्थ, तुमचं वय झालं, तुम्हाला झेपत नाही. रागावलेले असाल, काही चुकलं म्हणून सांगायचं असेल, भांडण व्हायची शक्यता असेल, तर नात्याचा शब्द पूर्ण गाळा. काही शब्द तर कुठल्याच वेळी नकोत. आजीबाई म्हटलं की गोष्टीतली म्हातारी होते, काकूबाई म्हटलं की जुनाट बाई होते. ‘बाई’ हा एरवी मानाचा शब्द, पण या दोन ठिकाणी तो मागे लागला की चेष्टा होते.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्यात हे बहुतेक सगळं आलं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे कंडक्टरला बाईला पाहून एकच गोष्ट ठरवायची असते, हिची पंचाहत्तरी झाली की नाही. ती विचारायची कशी? मी साताऱ्याला जात होते. शेजारच्या बाकावर नऊवारी नेसलेल्या, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असलेल्या बाई होत्या. उन्हात काम केलेला चेहरा वयाच्या दहा वर्षं पुढे असतो. कंडक्टर पंचविशीचा. पुढच्या बाकावरच्या बाईंना तो “आजी, पंच्याहत्तर झाली ना? कार्ड काढा,” असं म्हणून आला होता आणि त्या “कशाची पंच्याहत्तर, साठ पण नाही झाली,” म्हणून सगळ्या बससमोर चिडल्या होत्या. शेजारच्या बाईंपाशी आल्यावर त्यानं वाक्य बदललं. म्हणाला, “ताई, कुठलं तिकीट? आधार कार्ड असेल तर दाखवता का, मोफतचं बघतो.” बाईंनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्यानं जन्मसाल पाहिलं. बाई ७७ वर्षांच्या होत्या. “झालं की आजी, तुम्हाला पैसे नाहीत,” तो म्हणाला आणि त्या हसल्या.

त्यानं काय केलं ते पाहा. आधी ताई म्हटलं, म्हणजे अंदाज मनातच ठेवला. प्रश्न वयाला न विचारता कार्डाला विचारला. आणि वय कागदावर दिसल्यावर, तेही देण्यासारखं काही हातात असताना, आजी म्हणाला. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीवर काम करणाऱ्यांनी हा क्रम उचलावा असं मला वाटतं. आणि एकदा कागदावर नाव दिसलं की मोकळ्या हाकेची गरजच उरत नाही. वॉर्डात पाच खाटांवर पाच आजी असतात. ‘सुमनताई’, ‘शिंदे काका’ असं नाव जोडलं की ते माणूस पुन्हा एकटं, स्वतंत्र होतं.

रस्त्यावर हाक मारताना तुम्ही कुठं उभे आहात याला शब्दाइतकंच महत्त्व आहे. म्हाताऱ्या माणसाला मागून हाक मारू नका आणि मागून खांद्याला हात तर लावूच नका. ऐकू कमी येत असेल तर ते दचकतात, गर्रकन वळतात, तोल जातो. दोन पावलं पुढे जाऊन समोर या, हाताच्या अंतराहून थोडं लांब थांबा. आधी नुसती हाक मारा. “काका.” त्यांनी तुमच्याकडे पाहीपर्यंत थांबा. मग बोला. हाक आणि पुढचं वाक्य एका दमात म्हटलं की पहिले चार शब्द वाया जातात, मग “काय?” येतं, मग आपण ओरडून सांगतो, आणि ओरडलेला काका शब्द रागाचा वाटतो.

रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर आधी विचारा. “काकू, पलीकडे जायचंय का? मीही जातोय.” त्यांचा दंड धरू नका. आपला हात थोडा वाकवून पुढे करा, धरायचा तर त्या धरतील. पिशवी उचलायला हात घालू नका.

हे अंतर का ठेवायचं, ते मन लावून समजून घ्या. आपल्याकडे वृद्धांना लुबाडणारे याच गोड हाकेनं सुरुवात करतात. सकाळी फिरायला निघालेल्या बाईंना थांबवून “आजी, आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीय, बांगड्या काढून रुमालात बांधा,” असं सांगायचं आणि रुमाल बदलायचा, हा प्रकार वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतो. एटीएममध्ये “काका, मी काढून देतो” म्हणून कार्ड बदलून घेणंही तसंच. म्हणून तुमच्या आजी म्हणण्यावर समोरच्या बाईंनी पिशवी छातीशी धरली तर वाईट वाटून घेऊ नका. त्या बरोबर वागत आहेत. “एकट्याच आहात का?”, “घरी कोण असतं?”, “कुठल्या बिल्डिंगमध्ये?” हे प्रश्न विचारू नका. तुम्ही मायेनं विचारले तरी त्यांच्या कानांना ते चोराचे वाटतात. एटीएममध्ये मदत हवी असं दिसलं तरी आपण यंत्रापाशी न जाता सुरक्षारक्षकाला किंवा बँकेतल्या माणसाला बोलवावं. एखादी व्यक्ती हरवल्यासारखी, गोंधळलेली वाटली, घराचा पत्ता सांगता येत नसेल, तर जवळच्या दुकानदाराला सोबत घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. त्या बाहेरच्या वेळेत ११२.

हाक आवडली की नाही हे कळायला फार शहाणपण लागत नाही, फक्त उलट उत्तरात तुम्हाला काय म्हटलं ते ऐका. “हो रे बाळा”, “अगं पोरी”, “बस की माझ्याजवळ”, असं काही आलं की त्यांनी नातं स्वीकारलं. आता खुशाल पुन्हा आजी म्हणा. “हं, बोला” किंवा “काय काम आहे?” असं उत्तर आलं की त्यांनी तुम्हाला अंगणातच थांबवलं आहे. तेव्हा हाक बदलायची, माफी मागायची गरज नाही. पुढचं वाक्य कुठल्याही नात्याशिवाय, ‘तुम्ही’ ठेवून बोला आणि काम संपवा. कुणी स्पष्टच म्हणालं, “मला आजी म्हणू नका,” तर “बरं” एवढंच म्हणायचं. “अहो, पण तुम्ही माझ्या आजीसारख्याच आहात,” हे सगळ्यात वाईट. नको म्हटलेलं नातं पुन्हा त्यांच्या गळ्यात घालणं आहे ते. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, ८१ वर्षांच्या. वाणसामानाच्या दुकानातल्या पोऱ्यानं आजी म्हटलं की त्या म्हणतात, “बाई म्हण.” आयुष्यभर शेकडो मुलांनी त्यांना बाई म्हटलं, तेच त्यांना आपलं नाव वाटतं. त्या पोऱ्यानं एकदाच ऐकलं आणि तेव्हापासून तो त्यांना बाई म्हणतो, त्यांच्या पिशवीत साखर सगळ्यांत खाली ठेवतो.

एका बोलण्यात नात्याचा शब्द दोनदा यावा, सुरुवातीला आणि निरोप घेताना. प्रत्येक वाक्याला आजी, आजी लावलं की ते लहान मुलाला समजावल्यासारखं ऐकू येतं. निघताना मात्र तो विसरू नका, कारण बहुतेक लोक काम झालं की तोंड फिरवून जातात आणि मघाशी मारलेली हाक कामापुरती होती हे दिसून येतं. बसमधल्या त्या मुलाचा थांबा माझ्या आधी आला. गर्दीतून दाराकडे जाताना तो वळला, “येतो आजी,” म्हणाला आणि उतरला. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात.